एका थेंबाचा गुलाबी

"मॅडम, आमचं रीडिंगच जुळत नाहीये."

बारावीच्या दोन मुली प्रकल्पासाठी बाजारातलं व्हिनेगर तपासत होत्या. बाटलीवर चार टक्के अ‍ॅसिटिक आम्ल असं छापलेलं होतं आणि ते खरंच तेवढं आहे का, हे त्यांना बघायचं होतं. मी टेबलाशी गेले. वहीत तीन रीडिंग लिहिलेली होती : ३.८, ५.१ आणि ४.४ मिलिलिटर. ब्युरेट स्वच्छ होती, नोझलमध्ये हवेचा बुडबुडा नव्हता, पिपेट नीट धरलेली होती. हात चुकत नव्हता. तरीही एका रीडिंगचा दुसऱ्याशी मेळ नव्हता आणि तिन्हींवरून व्हिनेगर जेमतेम एक टक्क्याचं निघत होतं.

फ्लास्कमध्ये पिवळं पाणी होतं. शेजारी मिथिल ऑरेंजची बाटली.

"फिनॉल्फ्थॅलीन पलीकडच्या टेबलावर होतं, म्हणून हे घेतलं. हाही इंडिकेटरच आहे ना?"

प्रश्न अगदी रास्त होता. शाळेपासून आपण शिकतो की दर्शक, म्हणजे इंडिकेटर, आम्लात एक रंग दाखवतो आणि आम्लारीत दुसरा. मग कुठलाही दर्शक घ्या, आम्ल संपून आम्लारी उरली की रंग बदलायला हवा. बहुतेकांची समजूत अशीच असते, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. दर्शकाला आम्ल संपलं की नाही हे कळत नाही. त्याला फक्त द्रावणाचा सामू कळतो, आणि तोही त्याच्या स्वतःच्या ठरलेल्या पट्ट्यातच. त्या पट्ट्याबाहेर काय चाललंय याचा त्याला पत्ता नसतो.

टायट्रेशन, मराठी पुस्तकांतलं अनुमापन, हा मुळात मोजून ओतण्याचा प्रकार आहे. आम्ल मोजून फ्लास्कमध्ये घ्यायचं आणि ज्याची तीव्रता पक्की ठाऊक आहे असं सोडिअम हायड्रॉक्साइडचं द्रावण ब्युरेटमधून थेंब थेंब सोडायचं. फ्लास्कमध्ये जेवढं आम्ल होतं, बरोबर तेवढीच आम्लारी पडली की तो झाला समतुल्य बिंदू. हा बिंदू डोळ्यांना दिसत नाही. आपल्याला दिसतो तो रंग बदलण्याचा क्षण, म्हणजे अंत्यबिंदू. हे दोन बिंदू वेगळे आहेत. ते एकमेकांच्या इतके जवळ आणायचे, की मधलं अंतर एखाद्या थेंबाहून जास्त राहू नये. योग्य दर्शक निवडायचा तो यासाठी.

आता दर्शक काय करतो ते पाहू. तो स्वतःच एक सौम्य आम्ल किंवा सौम्य आम्लारी असतो. त्याचा रेणू हायड्रोजन आयन धरून बसला तर त्याचा रंग एक, सोडून दिला तर दुसरा. द्रावणात हायड्रोजन आयन भरपूर असले, म्हणजे सामू कमी असला, तर बहुतेक रेणू आयन धरून असतात. सामू चढत जातो तसे एकेक रेणू आयन सोडू लागतात. दोन्ही रूपं निम्मी-निम्मी होतात असा प्रत्येक दर्शकाचा एक ठरावीक सामू असतो. पण आपला डोळा काही रेणू मोजत नाही. एका रंगात दुसरा साधारण एक दशांश मिसळेपर्यंत त्याला पहिलाच रंग दिसत राहतो, आणि दुसरा दहापट झाला की मग फक्त दुसराच दिसतो. सामूची एक पायरी म्हणजे दहापट फरक. म्हणून रंग पूर्ण पालटायला सामूच्या दीड-दोन पायऱ्या लागतात. यालाच दर्शकाचा पट्टा म्हणायचं.

मिथिल ऑरेंजचा पट्टा ३.१ ते ४.४ आहे. त्याखाली तो लाल, त्यावर पिवळा आणि मध्ये नारिंगी दिसतो. फिनॉल्फ्थॅलीनचा पट्टा साधारण ८.३ ते १०. त्याखाली त्याला रंगच नाही आणि त्यावर तो गडद गुलाबी होतो. म्हणजे मिथिल ऑरेंज ज्या सामूला "झालं" म्हणतो, तिथे पाणी अजून चांगलंच आम्लधर्मी असतं. शुद्ध पाण्याचा सात हा सामू या दोघांपैकी एकाच्याही पट्ट्यात येत नाही. हे ऐकून मुलांना धक्का बसतो, कारण उदासिनीकरण म्हटलं की त्यांच्या डोक्यात सात हाच आकडा असतो.

आता त्या मुलींच्या व्हिनेगरकडे येऊ. मूळ व्हिनेगर १० मिलिलिटर घेऊन त्यांनी डिस्टिल्ड वॉटर घालून ते १०० मिलिलिटर केलं होतं, म्हणजे दहापट पातळ. त्यातलं २५ मिलिलिटर पिपेटने फ्लास्कमध्ये घेतलं होतं. ब्युरेटमध्ये ०.१ मोलर सोडिअम हायड्रॉक्साइड. व्हिनेगर खरंच चार टक्के असेल, तर समतुल्य बिंदूला सुमारे १६.६ मिलिलिटर लागायला हवं. या वाटेवर सामू कसा चालतो ते आकड्यांनी बघण्यासारखं आहे.

सुरुवातीला सामू ३ असतो. पहिले काही मिलिलिटर पडले की तो हळूहळू चढू लागतो. ५ मिलिलिटरला ४.४ होतो आणि निम्मी वाट सरली की, म्हणजे ८.३ मिलिलिटरला, ४.८ वर येतो. मधला हा सगळा भाग म्हणजे लांबलचक, जवळपास सपाट माळ. आपण एवढी आम्लारी ओततोय, पण सामू जागचा हलायला तयार नाही. याचं कारण अ‍ॅसिटिक आम्ल सौम्य आहे. ते आपले हायड्रोजन आयन एकदम बाहेर टाकत नाही, साठवून ठेवतं आणि आम्लारी येईल तसे पुरवत राहतं. समतुल्य बिंदूच्या एक मिलिलिटर आधीसुद्धा सामू जेमतेम ६ असतो.

आणि मग कडा येतो. समतुल्य बिंदूला एक थेंब उरला असताना सामू ७.३ असतो. ब्युरेटचा एक थेंब म्हणजे साधारण ०.०५ मिलिलिटर. तो पडला की समतुल्य बिंदू गाठला जातो आणि सामू होतो ८.७. त्यापुढचा थेंब पडला की १०. सोळा मिलिलिटरमध्ये जो तीन-चार पायऱ्या चढला, तो शेवटच्या दोन थेंबांत जवळपास तीन पायऱ्या चढतो. रसायनशास्त्रात वर्षानुवर्षं वावरूनही मला हा कडा प्रत्येक वेळी नवा वाटतो.

समतुल्य बिंदूला सामू सात का नाही, ८.७ का? कारण त्या क्षणी फ्लास्कमध्ये नुसतं पाणी उरलेलं नसतं, सोडिअम अ‍ॅसिटेट असतं. अ‍ॅसिटेट म्हणजे आपला हायड्रोजन आयन गमावलेलं अ‍ॅसिटिक आम्ल. सौम्य आम्लाला आपला आयन सहजी सोडवत नाही, म्हणून संधी मिळाली की ते पाण्याकडून थोडे आयन परत ओढून घेतं. पाण्यात हायड्रॉक्साइड उरतं आणि द्रावण किंचित आम्लारीधर्मी होतं. आम्ल जितकं सौम्य, तितका समतुल्य बिंदू सातच्या वर सरकतो.

आता फिनॉल्फ्थॅलीनचा पट्टा या कड्यावर ठेवून बघा. गुलाबी दिसू लागतो ८.३ च्या आसपास, आणि तो आकडा कड्याच्या बरोबर मध्यावर पडतो. एक थेंब आधी पाणी पूर्ण बिनरंगी, एक थेंब नंतर गडद गुलाबी. दर्शकाचा पट्टा आणि कडा एकमेकांवर बसले.

मिथिल ऑरेंजचा पट्टा मात्र त्या सपाट माळावर पडतो, तोही सुरुवातीलाच. ब्युरेटचा पहिला थेंब पडण्याच्या आधीपासूनच तो आपल्या पट्ट्याच्या उंबऱ्यावर उभा आहे. अर्ध्या-पाऊण मिलिलिटरला लाल थोडा फिका होतो, अडीचला नारिंगी-पिवळा होतो, पाचला पूर्ण पिवळा. म्हणजे रंग बदलायला सुमारे शंभर थेंब लागतात. या शंभर थेंबांत नेमकं कुठे थांबायचं, हे सांगणारं काहीच नाही. एकीला ३.८ ला "झालं" वाटलं, दुसरीला ५.१ ला. दोघींचे डोळे ठीक होते. तिथे बघण्यासारखा बिंदूच नव्हता. आणि पूर्ण पिवळा झाला तेव्हाही फ्लास्कमधलं दोन तृतीयांशाहून जास्त आम्ल शिल्लकच होतं. एक टक्का कुठून आला, ते यातून कळतं.

मी त्या मुलींना तेव्हाच म्हटलं, की त्यांच्या न जुळणाऱ्या तीन रीडिंगांनी खरं तर मोठं काम केलंय. चुकीचा दर्शक ओळखायची खूण तीच. योग्य दर्शकाने रंग झटक्यात बदलतो. तो सरपटत, रेंगाळत बदलू लागला, थांबावं की नाही असा प्रश्न पडू लागला, की हात आवरायचा आणि बाटलीवरचं नाव वाचायचं. पण धोका असाही आहे, की एखादी मुलगी दर वेळी तोच नारिंगी-पिवळा बघून थांबली, तर तिची तिन्ही रीडिंग छान जुळतील आणि तिन्ही सारखीच चुकीची असतील. जुळणारी रीडिंग हात स्थिर असल्याचं सांगतात. दर्शक बरोबर आहे हे त्यावरून सिद्ध होत नाही.

लिटमसबद्दलही मुलं हमखास विचारतात, कारण तोच त्यांच्या सगळ्यात ओळखीचा. लिटमसचा पट्टा फार रुंद आहे, साधारण ५ ते ८. व्हिनेगरच्या टायट्रेशनमध्ये तो साडेदहा मिलिलिटरलाच निळ्याकडे झुकू लागेल आणि पुढे सहा मिलिलिटर जांभळाच राहील. आम्ल आहे की आम्लारी, एवढं विचारायला लिटमस उत्तम. किती आहे, हे त्याला विचारू नये.

याउलट आपल्या स्वयंपाकघरातली हळद इथे बरीच लायक ठरते. वरणाचा डाग पडलेला पांढरा सदरा साबणाने धुताना लाल होतो, हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. हळदीतलं कर्क्युमिन सामू ७.४ ते ८.६ या पट्ट्यात पिवळ्याचं तांबूस होतं. वर आपण पाहिलेला कडा ७.३ पासून सुरू होतो. म्हणजे व्हिनेगरसाठी प्रयोगशाळेतल्या मिथिल ऑरेंजपेक्षा डब्यातली हळद सरस! चमचाभर हळद स्पिरिटमध्ये ढवळून, गाळून घेतलेलं पिवळं पाणी वापरून मी हे टायट्रेशन करून बघितलं आहे. ते जमतं. अडचण डोळ्याची होते. पिवळ्यातून तांबूस कधी झालं हे पकडणं, काही नाही तिथे गुलाबी उमटलेलं पकडण्याइतकं सोपं नसतं. शिवाय आम्लारीत कर्क्युमिन फार काळ टिकत नाही, म्हणून रंग बघून लगेच रीडिंग घ्यावं लागतं.

तेव्हा निवडीची रीत अशी. आधी विचारायचं, समतुल्य बिंदूचा कडा कुठल्या सामूपासून कुठल्या सामूपर्यंत आहे? मग ज्याचा पट्टा त्या कड्यात बसतो असा दर्शक घ्यायचा. हायड्रोक्लोरिक आम्ल आणि सोडिअम हायड्रॉक्साइड अशी दोन्ही बाजू तीव्र असलेली जोडी असेल, तर कडा फार उंच असतो. ०.१ मोलर द्रावणांत एक थेंब आधी सामू ४ आणि एक थेंब नंतर १०. इथे मिथिल ऑरेंज आणि फिनॉल्फ्थॅलीन दोन्ही चालतात, फरक थेंबाभराचा. शाळेतला पहिला प्रयोग बहुधा हाच असतो, आणि "कुठलाही इंडिकेटर चालतो" ही समजूत तिथेच रुजते. अमोनियासारखी सौम्य आम्लारी फ्लास्कमध्ये आणि हायड्रोक्लोरिक आम्ल ब्युरेटमध्ये असेल, तर सगळं उलटं होतं. कडा सातच्या खाली, साडेपाचच्या आसपास येतो. तिथे मिथिल रेड बरोबर बसतो आणि फिनॉल्फ्थॅलीनचा गुलाबी फार आधीच विरत विरत जातो. सौम्य आम्ल आणि सौम्य आम्लारी समोरासमोर आले, तर कडा जवळजवळ नसतोच. तिथे रंगावर विसंबून चालत नाही.

धुण्याच्या सोड्याचं उदाहरण मला विशेष आवडतं, कारण तिथे दोन्ही दर्शक बरोबर असतात आणि दोघांची उत्तरं वेगळी येतात. सोड्यातलं कार्बोनेट हायड्रोक्लोरिक आम्लाशी दोन टप्प्यांत भिडतं. आधी त्याचं बायकार्बोनेट होतं, आणि तिथे सामू साधारण ८.३ असतो. मग बायकार्बोनेटचं कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होतं, तिथे सामू चारच्या आसपास. फिनॉल्फ्थॅलीनचा गुलाबी गेला तेव्हा पहिला टप्पा संपला. त्याच फ्लास्कमध्ये मिथिल ऑरेंज घालून पुढे गेलं, तर पिवळ्याचा नारिंगी होतो तेव्हा दुसरा संपला. पहिल्या टप्प्याला १२.५ मिलिलिटर लागलं असेल तर दुसऱ्यालाही १२.५ च लागायला हवं. पहिल्याला जास्त लागलं, तर सोड्यात कॉस्टिकही मिसळलेलं आहे. दुसऱ्याला जास्त लागलं, तर त्यात खाण्याचा सोडा आहे. पाण्याची अल्कलिनिटी तपासणारे लोकही हीच जोडी वापरतात.

दर्शक ठरला की उरतं ते बघणं. पुस्तकात यासाठी एखाद-दुसरं वाक्य असतं. हाताला मात्र ते शिकायला आठवडे लागतात.

फ्लास्कखाली पांढरी टाइल ठेवायची. ती नसेल तर कोरा कागद. टेबलाच्या काळ्या फरशीवर फिका गुलाबी दिसत नाही. फिनॉल्फ्थॅलीनचे दोन-तीन थेंब पुरेत. मुलांना वाटतं जास्त घातलं की रंग चांगला दिसेल, आणि ती ड्रॉपर दाबून बसतात. याने दोन गोष्टी बिघडतात. दर्शक स्वतः सौम्य आम्ल असल्याने थोडी आम्लारी तोच खातो. आणि फिनॉल्फ्थॅलीनचं एक रूप बिनरंगी असल्यामुळे डोळ्याला दोन रंगांचं प्रमाण दिसत नाही, नुसता गुलाबी किती आहे एवढंच दिसतं. दर्शक दहापट घातला तर तेवढाच गुलाबी बऱ्याच कमी सामूला दिसू लागतो आणि अंत्यबिंदू अलीकडे सरकतो. म्हणून प्रत्येक फ्लास्कमध्ये तेवढेच थेंब. भरीला, फिनॉल्फ्थॅलीन अल्कोहोलमध्ये विरघळवलेलं असतं आणि पाण्यात फारसं विरघळत नाही, त्यामुळे फार घातलं तर फ्लास्क गढूळ दिसतो.

पहिलं रीडिंग घाईचं, पायलट. त्यावरून अंत्यबिंदू कुठल्या दोन आकड्यांच्या मध्ये आहे एवढं कळतं. पुढच्या वेळी पंधरापर्यंत बिनधास्त सोडायचं आणि मग वेग कमी करायचा. उजव्या हाताने फ्लास्क गोल फिरवत राहायचं, डावा हात ब्युरेटच्या तोटीवर. थेंब पडतो तिथे सुरुवातीपासूनच गुलाबी रेघ उमटते आणि फ्लास्क फिरला की पुसली जाते. जिथे थेंब पडला तेवढ्या जागेत क्षणभर आम्लारी जास्त असते, म्हणून तो रंग. तो अंत्यबिंदू नाही. पण या रेघेकडे लक्ष ठेवायचं, कारण तीच इशारा देते. आधी ती पडताक्षणी जाते. मग एक गिरकी टिकते. मग दोन-तीन गिरक्या. गुलाबी जायला नाखूश दिसू लागला की तोटी जवळजवळ बंद करायची आणि एकेक थेंब मोजून सोडायचा.

शेवटी शेवटी थेंबही मोठा वाटतो. मग अर्धा थेंब घ्यायचा. तोटी किंचित उघडून नोझलच्या टोकाला थेंब लटकू द्यायचा, पडू द्यायचा नाही. तो फ्लास्कच्या आतल्या काचेला टेकवायचा आणि वॉश बॉटलच्या बारीक धारेने खाली धुऊन घ्यायचा. या डिस्टिल्ड वॉटरमुळे आकडा बदलत नाही, कारण फ्लास्कमधलं आम्ल तेवढंच राहतं. मात्र काचेवर उडालेला एखादा थेंब खाली धुतला गेला नाही, तर तेवढं आम्ल किंवा आम्लारी हिशेबाबाहेर राहते.

थांबायचं कुठे? फ्लास्कभर एकसारखा अगदी फिका गुलाबी पसरला आणि फिरवल्यावरही तीसेक सेकंद टिकला, तिथे. गडद राणी रंग आला म्हणजे आपण पुढे गेलो. मुलांना गडद रंग आवडतो, त्यांना तो पक्का वाटतो. मी त्यांना सांगते, फ्लास्क टाइलवर ठेवा आणि शेजारी नुसत्या पाण्याचा फ्लास्क ठेवा. दोघांत फरक आहे का, असा प्रश्न पडावा इतका फिका हवा.

तीस सेकंदच का, मिनिटं का नाहीत? कारण हा गुलाबी कायमचा नसतो. फ्लास्क तसाच ठेवला तर काही मिनिटांत रंग विरून जातो. मुलं घाबरून पुन्हा एक थेंब सोडतात, तोही विरतो, पुन्हा एक. हवेतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळून आम्ल बनत असतो आणि तो ती उरलीसुरली आम्लारी खात जातो. आपलं व्हिनेगरमधलं आम्ल केव्हाच संपलेलं असतं, आता आपण खोलीतल्या हवेचं टायट्रेशन करत असतो. म्हणून तीस सेकंद टिकला की रीडिंग लिहायचं आणि फ्लास्ककडे पुन्हा बघायचं नाही.

हाच वायू ब्युरेटमधल्या सोडिअम हायड्रॉक्साइडलाही सोडत नाही. उघड्या बाटलीत राहिलेल्या द्रावणात हळूहळू कार्बोनेट तयार होतं, आणि फिनॉल्फ्थॅलीन कार्बोनेटची अर्धीच ताकद मोजतो, हे वर सोड्याच्या वेळी आपण पाहिलं. मग द्रावण लेबलवर ०.१ असतं आणि काम त्याहून कमी करतं. यावर उपाय, की टायट्रेशनच्या दिवशीच ऑक्झॅलिक आम्लाविरुद्ध त्याची खरी तीव्रता काढून घ्यायची, आणि तीही फिनॉल्फ्थॅलीननेच. दोन्ही वेळा दर्शक तोच असला की चूक दोन्हीकडे सारखी पडते आणि बरीचशी निघून जाते.

दूध संकलन केंद्रावर दुधाची आम्लता काढतात तेव्हाही दर्शक हाच असतो. तिथे मुळातच पांढऱ्या दुधात फिका गुलाबी ओळखायचा असतो, आणि त्यासाठी शेजारी साध्या दुधाचा कप ठेवून तुलना करावी लागते. दहा मिलिलिटर दुधाला ०.१ नॉर्मल सोडिअम हायड्रॉक्साइड दीड मिलिलिटर लागलं, तर लॅक्टिक आम्लाच्या हिशेबात आम्लता ०.१३५ टक्के येते. इथे एखादा थेंब इकडेतिकडे झाला तर दुसरा दशांश अंक हलू लागतो.

रंगाबद्दल एक गोष्ट शिक्षकांनी ध्यानात ठेवावी असं मला मनापासून वाटतं. वर्गात एखाद्या मुलाला लाल-हिरवा नीट ओळखता येत नसतो आणि बरेचदा त्याला स्वतःलाही ते ठाऊक नसतं. फिका गुलाबी त्याला उशिरा दिसतो, त्याची रीडिंग नेहमी जास्त येतात आणि आपण त्याला निष्काळजी ठरवतो. अशा मुलाला व्हिनेगरसाठी थायमॉल्फ्थॅलीन द्यावं. त्याचा पट्टा ९.३ ते १०.५ आहे, बिनरंगीतून निळा. कडा ओलांडल्यावर पहिल्या थेंबालाच निळा उमटतो, आकडा फार तर थेंबभर पुढे जातो. मिथिल ऑरेंजचा पिवळा-नारिंगी तर चांगल्या डोळ्यांनाही छळतो. त्यात झायलीन सायनॉल नावाचा निळा रंग मिसळतात, मग हिरवा, करडा, जांभळा असा बदल होतो आणि करडा आला की थांबायचं. तपकिरी व्हिनेगरमध्ये मात्र मुळातलाच रंग गुलाबीला झाकतो. ते आणखी पातळ करून बघावं, आणि तरीही दिसेना तर सामूमापक घ्यावा.

त्या दिवशी मुलींनी पिवळा फ्लास्क धुतला, पलीकडच्या टेबलावरून फिनॉल्फ्थॅलीनची बाटली आणली आणि पुन्हा पिपेट भरली. पायलट सोळा आणि सतराच्या मध्ये आलं. पाच मिलिलिटरला काहीच झालं नाही, दहालाही नाही, तेव्हा त्यांतली एक माझ्याकडे शंकेने बघत होती. साडेसोळाला रेघ रेंगाळू लागली. पुढची तीन रीडिंग : १६.६, १६.७, १६.६. कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग १६.६ धरलं.

हिशेब वहीत असा मांडला. ०.१ मोलर सोडिअम हायड्रॉक्साइडचा एक मिलिलिटर म्हणजे सहा मिलिग्रॅम अ‍ॅसिटिक आम्ल. १६.६ मिलिलिटरचे ९९.६ मिलिग्रॅम, जवळपास ०.१ ग्रॅम. फ्लास्कमधल्या २५ मिलिलिटरमध्ये मूळ व्हिनेगर होतं २.५ मिलिलिटर. म्हणजे १०० मिलिलिटर व्हिनेगरमध्ये ३.९८ ग्रॅम. बाटलीवर चार छापलं होतं.

आधीची तीन रीडिंग त्यांनी खोडली नाहीत. त्यांच्यापुढे कंसात लिहिलं : मिथिल ऑरेंज.